ऑफिसच्या ग्रुपवर दिवाळीची शुभेच्छा कशी लिहावी

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एक मजकूर येतो. शब्द दर वर्षी थोडे इकडेतिकडे होतात, पण सांगाडा तोच असतो:

"आज लक्ष्मीपूजन! प्रभू श्रीरामांच्या अयोध्या आगमनाच्या या मंगल दिनी माता लक्ष्मीची कृपा आपणा सर्वांवर अखंड राहो. आपल्या घरी लक्ष्मी कायम नांदो. आपला हा सण सर्वांनी सहकुटुंब पूजा करून उत्साहात साजरा करावा. शुभ दीपावली!"

ग्रुपमध्ये हिशेब खात्यातली, डिस्पॅचमधली, क्वालिटीतली, रिसेप्शनवरची अशी माणसं असतात. बहुसंख्य हिंदू, त्यांच्या जोडीला बौद्ध, मुस्लिम, जैन, ख्रिस्ती आणि एखादे सरदारजी. पुणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही शहरातल्या बऱ्याचशा ऑफिसांत थोड्याफार फरकाने हेच दिसेल. वरचा मजकूर या सगळ्यांना एकदम जातो. माझ्या मते तो बदलायला हवा. पण तो बदलण्याच्या ज्या पद्धती रूढ होत चालल्या आहेत, त्या मूळ मजकुरापेक्षा बऱ्या नाहीत. काही तर जास्त वाईट आहेत.

आधी मूळ मजकुरात नेमकं काय अडतं ते बघू. "दिवाळी" हा शब्द अडत नाही, हे मी अगदी ठामपणे म्हणेन. दिवाळीच्या शुभेच्छा आल्या म्हणून दुखावलेला मुस्लिम किंवा ख्रिस्ती सहकारी मला नोकरीच्या इतक्या वर्षांत भेटलेला नाही. उलट बहुतेक जण आमच्याआधीच पाठवतात. अडतं ते पुढच्या वाक्यांत. "लक्ष्मीची कृपा आपणा सर्वांवर राहो" ही प्रार्थना आहे, आणि ती वाचणाऱ्याच्या वतीने केलेली आहे. "सहकुटुंब पूजा करून साजरा करावा" ही तर सूचनाच झाली, आणि ती कामाच्या ठिकाणच्या ग्रुपवर, बहुधा साहेबांच्या नावाने आलेली.

बौद्ध सहकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून ती वाक्यं वाचा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या पहिल्या तीन याच विषयाच्या आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही. गौरी, गणपती इत्यादी हिंदू धर्मातल्या कोणत्याही देवदेवतेला मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. ज्याच्या आजोबांनी त्या मैदानावर उभं राहून हे उच्चारलं आणि ज्याच्या घरात ते आजही पाळलं जातं, त्याला आपण एका दमात रामाच्या आगमनाचा आनंद मानायला आणि लक्ष्मीची कृपा घ्यायला सांगतो आहोत. तो काही बोलत नाही. हात जोडल्याचं चिन्ह टाकतो किंवा तेही टाकत नाही. त्याच्या गप्प राहण्यातून "कोणाची काही हरकत नव्हती" असा अर्थ काढणं बरोबर नाही. बढतीचा कागद ज्यांच्या टेबलावरून जातो त्यांच्या शुभेच्छेवर हरकत कोण घेणार?

आता उपायांकडे येऊ. पहिला उपाय सगळ्यात सोपा: सणाचं नावच काढून टाकायचं. "सर्वांना सणासुदीच्या हार्दिक शुभेच्छा." मोठ्या कंपन्यांच्या पत्रकांत हे वाक्य हल्ली सर्रास दिसतं. मला ते पटत नाही. दारात कंदील लागलेला आहे, चार दिवसांची सुट्टी आहे, बोनस जमा झाला आहे, सगळ्यांना ठाऊक आहे की दिवाळी आहे. मग तिचं नाव घेताना बिचकायचं कशाला? नाव गाळलं की मुस्लिम सहकाऱ्याला वाटतं, आपल्यामुळे यांना सणाचं नावही घेता येत नाही. त्याने असं काही मागितलेलंच नसतं. हिंदू सहकाऱ्याला वाटतं, आपला सण लपवला. दोघेही दुखावतात, आणि दोघांचीही मागणी नसताना.

दुसरा उपाय चित्राचा. पणती, चंद्रकोर, क्रूस, खंडा, धम्मचक्र असं सगळं एका ओळीत मांडून वर "शुभ दीपावली". हेतू चांगला असतो, पण दिवाळीच्या दिवशी क्रूस तिथे काय करतो आहे, याचं उत्तर चित्र करणाऱ्याकडे नसतं. पाहुण्याला आपल्या घरचं जेवण वाढायचं सोडून त्याच्याच घरची भांडी आणून समोर मांडावीत, तसं ते होतं.

तिसरा उपाय मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो विचारपूर्वक केल्यासारखा वाटतो. मूळ मजकूर एकच ठेवायचा आणि माणसागणिक देवाचं नाव बदलायचं. हिंदूंना "लक्ष्मीची कृपा राहो", मुस्लिमांना "दिवाळीनिमित्त अल्लाह आपल्याला बरकत देवो", ख्रिस्तींना "प्रभू येशू आपल्या घरी प्रकाश पसरवो", बौद्धांना "तथागतांचा आशीर्वाद लाभो". कर्मचाऱ्यांच्या यादीत धर्माचा रकाना करायचा आणि त्यानुसार वेगवेगळे निरोप सोडायचे.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली आशयाची. आपल्या सणासाठी दुसऱ्याच्या श्रद्धेला कामाला लावायचा हक्क आपल्याला कोणी दिला? श्रद्धाळू मुस्लिमाच्या दृष्टीने अल्लाहचं नाव घेऊन दिवाळी मंगल करणं हे सौजन्य नाही, तो गोंधळ आहे. आणि "तथागतांचा आशीर्वाद" हे वाक्य लिहिणाऱ्याने बुद्धाला वर देणारा देव करून टाकलं. जी गोष्ट बाबासाहेबांनी आणि खुद्द बुद्धाने नाकारली तीच त्या माणसाच्या हातात ठेवली.

दुसरी बिघडते ती यादी. महाराष्ट्रात आडनावावरून धर्म ओळखायला जाल तर पदोपदी फसाल. कोल्हापूर-सांगलीकडचे पाटील, चौगुले, मगदूम दिगंबर जैन असू शकतात. देशमुख आणि पाटील मुस्लिमही आहेत. गायकवाड हिंदू असेल, बौद्ध असेल, अहिल्यानगरकडचा मराठी ख्रिस्तीही असेल. वसईचा ख्रिस्ती घरात सामवेदीसारखी मराठी बोली बोलतो आणि नाताळ हाच शब्द वापरतो, त्याला इंग्रजी शुभेच्छा धाडणारे आपणच परके ठरतो. आणि अंदाज बरोबर निघाला तरी प्रश्न उरतोच. आंतरधर्मीय लग्न केलेला, कुठलाच धर्म न मानणारा, कागदावर एक आणि मनात दुसरं असलेला माणूस कुठल्या रकान्यात बसवायचा? शुभेच्छेसाठी केलेली धर्माची यादी ऑफिसात पडून राहते, आणि ती उद्या कोण, कशासाठी उघडेल हे करणाऱ्याच्या हातात राहत नाही. ती मुळात करूच नये.

मग करायचं काय? याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही, ते प्रत्येक परंपरेने आपल्यापुरतं आधीच काढून ठेवलेलं आहे. प्रत्येक धर्मात आपापसातली शुभेच्छा वेगळी असते आणि सगळ्यांसाठीची वेगळी. रमजान ईदेला मुस्लिम एकमेकांना "तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम" म्हणतात. महिनाभर रोजे केलेल्यांनी एकमेकांसाठी मागितलेलं ते मागणं असतं, आमची आणि तुमची उपासना कबूल होवो. जो रोजाच करत नाही त्याला ते म्हणण्यात काही अर्थ नसतो, म्हणून ऑफिसात सगळ्यांशी बोलताना ते सुटसुटीत "ईद मुबारक" म्हणतात. ईस्टरला ख्रिस्ती एकमेकांना "प्रभू उठला आहे" असं म्हणतात आणि समोरून "खरोखर उठला आहे" असं उत्तर येतं. ती श्रद्धेची कबुली आहे. ऑफिसात येऊन तेच लोक "ईस्टरच्या शुभेच्छा" एवढंच म्हणतात. बौद्ध सहकारी बुद्ध पौर्णिमेला "मंगलकामना" पाठवतात, त्यासोबत त्रिशरण म्हणायला सांगत नाहीत. जैनांचं तर सगळ्यात देखणं आहे. पर्युषणाच्या शेवटी ते जैन असो वा नसो, कोणालाही "मिच्छामि दुक्कडम" म्हणतात, म्हणजे माझ्याकडून काही दुखावलं गेलं असेल तर क्षमा करा. समोरच्याने काही मानावं, काही करावं अशी अपेक्षा त्यात नसते. मागणं आहे ते स्वतःसाठी.

हिंदूंच्या दिवाळीतही हा फरक पूर्वीपासून होताच. देवघरात लक्ष्मीपुढे लाह्या-बत्तासे ठेवताना, नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहताना आपण लक्ष्मीला "नांद" म्हणतो. फराळाचं ताट घेऊन शेजारच्या शेखांकडे किंवा डिसोजांकडे जाताना "दिवाळीचं आहे, घ्या" एवढंच म्हणतो. घरोघर बायकांनी ते बरोबर ओळखलेलं होतं. बिघडलं ते फॉरवर्डमुळे. देवघरात म्हणायचं वाक्य तयार चित्रासह फोनमध्ये येतं आणि आपण ते जसंच्या तसं चाळीस जणांना ढकलतो.

त्या फॉरवर्डबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यातली दिवाळी बऱ्याचदा पाठवणाऱ्याचीही नसते. रामाच्या अयोध्या आगमनाची दिवाळी ही मुख्यतः उत्तरेकडची कथा. आमच्या मराठी घरात पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान होतं, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं जातं आणि ते नरकासुराचं म्हणून फोडलं जातं. गोव्यात त्याच पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात. पाडव्याला बळीची आठवण निघते. तेव्हा हिंदी मजकुराचं मराठी करून रामाचं आगमन कळवणारा माणूस स्वतःच्या घरातली गोष्टही सांगत नसतो, मग ती समोरच्याला जवळची कशी वाटावी?

आणि दिवाळी एकट्या हिंदूंचीही नाही. याच आश्विन अमावास्येला पावापुरीत महावीरांचं निर्वाण झालं असं जैन मानतात. त्या पहाटे दिगंबर मंदिरांत निर्वाण लाडू चढवतात आणि दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवताचं नवं वर्ष सुरू होतं. शीख हा दिवस बंदी छोड दिवस म्हणून पाळतात. जहांगीराच्या कैदेतून ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटताना गुरू हरगोबिंद यांनी आपल्यासोबत 52 राजांनाही सोडवलं, त्या सुटकेची ही आठवण. म्हणून "आम्हा हिंदूंचा सण, पण तुम्हालाही शुभेच्छा" असं कोणी उदारपणे लिहिलं तर तेही चुकतं. "रामाच्या आगमनाची दिवाळी" असं एकच कारण सांगितलं की जैन आणि शीख सहकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या दिवाळीतून आपण बाहेर काढतो. कारण न सांगता नुसती "दिवाळी" म्हटली की ज्याची जी आहे ती त्याच्या मनात उभी राहते.

तेव्हा एकाच मजकुरात सगळ्यांची सोय करायची तर बदल कुठे करायचा हे आता उघड आहे. सणाचं नाव राहू द्या. सणामागची कथा काढा. देवाकडचं मागणं काढून त्या जागी माणसाकडून माणसाला देता येईल अशी सदिच्छा घाला. आणि "साजरा करावा" ही आज्ञा काढा. वरचा मजकूर मी असा लिहीन:

"आज लक्ष्मीपूजन. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिवाळी आहे. सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा! येणारे दिवस तुम्हाला आणि घरच्यांना आरोग्याचे, सुखाचे आणि भरभराटीचे जावोत. या चार दिवसांत जे पाळीवर आहेत त्यांचे आभार. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता कॅन्टीनमध्ये फराळ आहे, सगळ्यांनी या."

"लक्ष्मीपूजन" मी मुद्दाम ठेवलं आहे. ते दिवसाचं नाव आहे, कॅलेंडरवर आहे, सुट्टीच्या यादीत आहे, ते वाचून कोणाला काही करावं लागत नाही. "अनेकांच्या घरी दिवाळी आहे" या वाक्याने ज्याच्या घरी आहे त्याचीही दखल घेतली जाते आणि ज्याच्या घरी नाही त्यालाही मोकळं वाटतं. पहिल्या मजकुरात "आपला हा सण" असं होतं, त्यातल्या "आपला" या शब्दाने माणूस एक तर ओढला जातो किंवा वगळला जातो. "भरभराट" या शब्दात लक्ष्मीकडे मागितलं जातं तेच सगळं येतं, फक्त देणाऱ्याचं नाव येत नाही. ते ज्याने त्याने आपल्या मनात घालावं.

पाळीवरच्यांचे आभार ही ओळ कोणाला अनावश्यक वाटेल, पण मला ती शुभेच्छेइतकीच मोलाची वाटते. कित्येक कारखान्यांत आणि सेवा देणाऱ्या ऑफिसांत दिवाळीच्या पाळ्या मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध सहकारी आपणहून घेतात. त्यांना दिवाळीची खरी शुभेच्छा म्हणजे हे कोणाच्या तरी लक्षात असणं. मात्र आभार पाळीवर असलेल्या सगळ्यांचे मानायचे, "आमच्या मुस्लिम बांधवांचे" असं म्हणून नाही, कारण त्या पाळीवर हिंदूही असतात. आणि आपणहून घेतलेली पाळी पुढच्या वर्षी गृहीत धरली गेली तर तो दोष वेळापत्रक लावणाऱ्याचा. ईदेला ती पाळी परत फिरते की नाही हेही त्यानेच बघायचं. फराळ दुपारी चारला ठेवला तोही विचार करूनच: जे जैन सहकारी सूर्यास्तानंतर खात नाहीत, त्यांना संध्याकाळी सातचं बोलावणं उपयोगाचं नसतं.

ही झाली ग्रुपवरची शुभेच्छा. व्यक्तिगत निरोपाचं वेगळं. तिथे माणसागणिक मजकूर बदलायला माझी हरकत नाही, उलट बदलावाच, पण धर्माच्या अंदाजाने नव्हे, त्या माणसाने स्वतः जे सांगितलं आहे त्यावरून. शेजारच्या टेबलावरचा सहकारी अमावास्येच्या पहाटे मंदिरात जातो हे त्यानेच सांगितलं असेल तर त्याला वीर निर्वाण दिनाच्या शुभेच्छा जरूर द्याव्यात, त्याला त्याचा फार आनंद होतो. बौद्ध मैत्रिणीच्या घरी कंदील लागतो, फराळ होतो, पण पूजा होत नाही हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल तर तिला दिवाळीच्या शुभेच्छा देताना अडायला नको. दुसरीच्या घरी दिवाळी अजिबात नसते हे माहीत असेल तर तिला "सुट्टी छान जावो" म्हणावं. एकाच धर्मातल्या दोन घरांत इतका फरक असतो, म्हणून धर्मावरून ठरवता येत नाही.

दिवाळीपेक्षा अवघड दिवस एकच, तो दसरा. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती विजयादशमीला, त्यामुळे दसऱ्याच्या तिथीला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो आणि दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो. ऑफिसच्या ग्रुपवर त्या सकाळी आपट्याच्या पानांचं चित्र आणि "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" येतं. दुपारपर्यंत कोणाला तरी आठवण होते आणि खाली जोड येते: "तसेच धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्याही शुभेच्छा." त्या "तसेच" ने तो दिवस दसऱ्याच्या शेपटाला बांधला जातो. एक धर्म सोडून दुसरा स्वीकारल्याचा जो दिवस आहे, तो सोडलेल्या धर्माच्या सणाची पुरवणी म्हणून मांडणं बरं नाही. इथे एकच मजकूर सगळ्यांना जुळवायचा हट्ट सोडावा असं माझं मत आहे. दोन स्वतंत्र निरोप द्यावेत, दोन्ही सकाळीच, दोन्ही एकाच हुद्द्यावरच्या माणसाकडून, दोन्ही सगळ्या ग्रुपला. दसऱ्याचा दसऱ्याच्या नावाने, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा त्याच्या नावाने, मंगलकामना म्हणून. एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये.

याला दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की दिवाळी आता सांस्कृतिक सण आहे, त्यात धर्म शोधत बसू नये. हे बऱ्याच अंशी मला मान्य आहे, म्हणूनच तर नाव राहू द्या म्हणतो. पण मग लक्ष्मीकृपेचा आग्रहही सोडावा लागेल. सण सगळ्यांचा आहे हे सांगताना संस्कृती म्हणायची आणि मजकूर लिहिताना पूजा करायला सांगायची, या दोन्ही गोष्टी एकत्र धरता येत नाहीत. दुसरा आक्षेप असा की कात्री दर वेळी आमच्याच मजकुराला का? ती तशी असेल तर ते चूकच आहे. कोणी ईदेला सगळ्या ग्रुपला "अल्लाह तुम्हाला ईमानाच्या वाटेवर ठेवो" असं पाठवलं, किंवा नाताळला "येशूला हृदयात जागा द्या" असं लिहिलं, तर तिथेही हीच दुरुस्ती सुचवायला हवी. पण "ईद मुबारक" आणि "दिवाळीच्या शुभेच्छा" हे आधीच समान आहेत. त्यात कुणाच्याच शब्दाला कात्री लागलेली नाही.

बरोबरीचा खरा प्रश्न मजकुरात नसून वर्षभरात आहे. दिवाळीला साहेबांचा सुंदर निरोप आणि ईदेला ग्रुपवर शुकशुकाट, असं असेल तर दिवाळीच्या मजकुरातून कितीही काळजीपूर्वक लक्ष्मी वगळली तरी उपयोग नाही. आणि इतर सणांचे निरोप देताना थोडी माहिती लागते. रमजान ईद चंद्रदर्शनावर ठरते, महिना 29 दिवसांचा होतो किंवा 30 चा. कॅलेंडरवर छापलेल्या तारखेला सकाळी सातला "ईद मुबारक" धाडलं आणि आदल्या रात्री चंद्र दिसलाच नव्हता, तर तुमचा सहकारी ते तिसाव्या रोज्याला उपाशीपोटी वाचत असतो. आदल्या रात्री त्यालाच विचारावं, एका मिनिटाचं काम आहे. पारशी नववर्षाला "हॅपी पतेती" म्हणण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. पतेती हा वर्षाचा शेवटचा, चुकांची क्षमा मागण्याचा दिवस. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशी, "नवरोज मुबारक" म्हणून. आणि सुट्टीच्या यादीत नाव दिसलं म्हणून प्रत्येक दिवस शुभेच्छांचा नसतो. मोहरमच्या दहा तारखेला करबल्यात इमाम हुसेन शहीद झाले. गुड फ्रायडे हा येशूच्या मरणाचा दिवस. 6 डिसेंबर हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा. या दिवशी "हार्दिक शुभेच्छा" लिहिणारे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर सापडतात. तिथे लिहायचंच असेल तर अभिवादन लिहावं किंवा काहीच लिहू नये.

शेवटचा भाग निरोप गेल्यानंतरचा. मजकूर कितीही नीट लिहिला तरी त्याखाली तासाभरात देवतांची चित्रं, आरतीच्या चित्रफिती, राशिभविष्य आणि घोषणा यांची रांग लागते, आणि ऑफिसचा ग्रुप संध्याकाळपर्यंत देवघर होऊन बसतो. ग्रुप चालवणाऱ्याने इथे संकोच करू नये. निरोपाच्या शेवटीच लिहावं की उत्तरं चिन्हानेच द्यावीत, किंवा त्या दिवसापुरता ग्रुप फक्त चालवणाऱ्यांना लिहिता येईल असा ठेवावा, आणि हाच नियम ईदेला, नाताळला, 14 एप्रिललाही लावावा. कोणी उत्तर दिलं आणि कोणी दिलं नाही याची नोंद साहेबांनी मनातही घेऊ नये. मजकूर लिहिणाऱ्याला पुढच्या दिवाळीपूर्वी एक गोष्ट सहज करता येईल: तो पाठवण्याआधी ग्रुपमधल्या ज्यांच्याशी मोकळं बोलणं आहे अशा दोघातिघा वेगवेगळ्या घरच्या सहकाऱ्यांना चहाच्या वेळी वाचून दाखवावा आणि "यातलं कुठलं वाक्य तुझ्यासाठी नाही असं वाटतं?" एवढंच विचारावं. "चालेल ना?" असं विचारलं तर सगळे "चालेल" म्हणतात.